टीव्हीची लाईट आणि भिंतीची लाईट

आमच्या घरात एखादी वस्तू नीट चाललेली माझ्या नवऱ्याला बघवत नाही. माणूस देवासारखा आहे, उगीच बोलू नये, पण हाताला चैन म्हणून नाही. कुकरची शिट्टी, टाकीचा कॉक, माझ्या शिलाई मशीनचा पट्टा, सगळ्यांची एकेकदा तपासणी झालेली आहे. पट्ट्याच्या वेळी मी कात्री उगारली होती. तेव्हापासून पुढच्या खोलीत, म्हणजे माझ्या दुकानात, हे येतात ते हात मागं बांधूनच येतात.

घाटनांदूरला आमचं घर गावाच्या शेवटाला, शेताकडच्या अंगाला आहे. पुढं माझं ब्लाऊज शिवायचं दुकान, मागं स्वयंपाकघर आणि मधल्या खोलीत टीव्ही. टीव्ही जुनाच, पण मोठा. दिवाळीला पोरगा पुण्याहून आला तेव्हा त्यानं त्या टीव्हीसाठी एक काडी आणली. काडी म्हणजे काय, करंगळीपेक्षा जरा जाड आणि वीतभरसुद्धा लांब नाही अशी काळी वस्तू. टीव्हीच्या पाठीमागं खोचायची, घरच्या वायफायला जोडायची, की मोबाईलवर जे दिसतं ते सगळं टीव्हीवर. मला तर जादूच वाटली. मी पहिल्या दिवशी रिमोटमध्ये तोंड घालून "कटोरी ब्लाऊज" म्हणाले, तर स्टीलच्या वाट्या घासायचा व्हिडिओ आला. तरीही मी शेवटपर्यंत बघितला.

तर त्या काडीला दोन बाजू. एक तोंड टीव्हीत जातं, तिथून चित्र. दुसऱ्या अंगाला एक वायर, तिथून लाईट. वायरीच्या टोकाला मोबाईलच्या चार्जरसारखा चौकोनी अ‍ॅडॅप्टर, तो भिंतीच्या बोर्डात. पोरानं सगळं लावून दिलं आणि जाताना बापाकडं बघून म्हणाला, "पप्पा, जसं लावलंय तसंच राहू द्या बरं." ह्यांनी मान हलवली. ती मान मी तीस वर्षं बघतेय, तिच्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

झालं तसंच. आमच्या त्या बोर्डाला सॉकेट दोनच. एकात टीव्ही. दुसऱ्यात आधी डिशचा डबा होता, तो काढून पोरानं काडीचा अ‍ॅडॅप्टर लावलेला. ह्यांना संध्याकाळी डिशवर कीर्तन लागतं. मग रोज एक काढा, एक घाला. चार दिवस कसेबसे गेले आणि पाचव्या दिवशी हे टीव्हीच्या मागं टॉर्च घेऊन शिरले. बाहेर आले ते डोक्याला जाळी लागलेली आणि तोंड फुललेलं.

"अगं, टीव्हीलाच भोक हाय! पेनड्राइव्हचं. ही वायर त्यात बरोब्बर बसती. टीव्हीच लाईट देतोय फुकटात, मंग कावून भिंतीची जागा अडवायची?"

"पोरगं काय म्हणालं होतं?"

"पोराला काय कळतंय? मास्तरांच्या घरी तर तसंच लावलंय. त्यांच्यात चालती तर आपल्यात का न्हाई चालायची?"

मास्तर म्हणजे आमचे शेजारी. त्यांच्या टीव्हीला भोकातूनच चालते हे खरं होतं, मी स्वतः बघितलेलं. आणि आमच्यातही चालली की! ह्यांनी वायर खोचली, टीव्ही लावला, काडी जागी झाली, चित्र आलं. मला गप्प बसावं लागलं, आणि गप्प बसणं मला पचत नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे. डिशचा डबा आपल्या जागी गेला. टीव्ही बंद केला की काडीही बंद, लाईटची बचत. आणि तो अ‍ॅडॅप्टर मोकळा झाला, तो ह्यांनी खिशात घालून आखाड्यावर नेला. आमच्याकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. तिथं ह्यांचा मोबाईल चार्ज व्हायला लागला. एका दगडात किती पक्षी मारले ते हे दोन दिवस मोजून दाखवत होते.

आता मला मागं वळून बघताना कळतं की काडी त्याच दिवसापासून कुरकुरायला लागली होती. आधी टीव्ही लावला की ती तयारच असायची. आता टीव्ही लावला की आधी काळं, मग कंपनीचा शिक्का, मग गोल गोल फिरणं, मग कुठं चित्र. तोवर माझा एक हुक लावून व्हायचा. आम्हाला वाटलं, नवी नवरी चार दिवस पहाटे उठती, ही पण आता रुळली. कारण साधं होतं, टीव्ही बंद झाला की त्या भोकातली लाईटच जायची आणि काडी रोज नव्यानं जन्म घ्यायची. पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात यावं?

आणखी एक, सुरू झाल्यावर पडद्यावर इंग्रजीत एक पाटी यायची. मी दहावीपर्यंत शिकलेय, इंग्रजी वाचते, पण अक्षर अक्षर जोडत. मी दुसऱ्या शब्दावर येईस्तोवर ह्यांचा अंगठा ओकेवर पडलेला. ह्यांचं म्हणणं, पाटी आली की ओके दाबायचं, मोबाईलमध्येही तसंच असतं. कधी कधी गाणं चालू असताना मध्येच काळोख व्हायचा आणि परत तो शिक्का यायचा. हे लगेच म्हणायचे, "नेट गेलं." मग वायफायच्या डब्याचं बटन बंद करायचं, चालू करायचं, डब्यावर दोन थापा मारायच्या. तोपर्यंत काडी आपली आपणच उठून बसलेली. थापांना गुण आला असं समजून हे खूश.

चालायचं असंच. गाण्यानं काय बिघडतंय? बिघडलं ते माझ्या नणंदेच्या पायी, म्हणजे तिच्यामुळं नाही, तिच्यासाठी.

माझी नणंद ह्यांच्यापेक्षा लहान, इथून जवळच्याच गावात दिलेली. ती आणि तिचा नवरा दर वर्षी ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळीबरोबर निघायचं, परतायचं ते उन्हाळा लागल्यावर. त्यांची एकच पोरगी. दुसरीत असल्यापासून ती हंगामभर माझ्याकडं. माझ्या हातच्या वेण्या घालून शाळेत गेली, माझ्या हातचा मार खाल्ला, आणि खो-खोची पहिली चड्डी मी शिवली, तीही दोनदा, कारण पहिली आठवड्यात फाटली. पोरगी पळायची म्हणजे काय! पाय जमिनीला लागतोय का नाही कळायचं नाही. शाळेकडून खेळली, जिल्ह्याकडून खेळली, आणि यंदा राज्याच्या संघात गेली. मी तिची मामी, पण मिरवताना सख्खी आई झाले होते.

सख्ख्या आईनं मात्र तिला खेळताना एकदाही बघितलेलं नव्हतं. बघणार कशी? मॅचेस हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात ही कुठल्या तरी कारखान्याच्या फडात मोळ्या बांधतेय. तिला पोरीचे कप दिसायचे, कपाटावर ओळीनं ठेवलेले. कप कसा मिळाला ते दिसायचं नाही.

यंदा ती घरी होती. मागच्या हंगामात उसाचं पातं तिच्या डोळ्याला लागलं. तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही, मग त्या डोळ्यात मोती झाला आणि दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, धूळ नको, वाकून काम नको. नवरा एकटाच टोळीबरोबर गेला. ती घरी बसून नुसती तडफडत होती, हंगाम बुडाला म्हणून. आणि त्यातच भाचीचा फोन आला, लांब कुठल्या तरी राज्यातून, की आम्ही फायनलला पोचलो, मॅच मोबाईलवर थेट दाखवणार आहेत.

मी नणंदेला सांगितलं, "मोबाईलवर कशाला, टीव्हीवर बघू. ये सकाळीच."

ती आली. नवी साडी, डोळ्यावर ऑपरेशनचा काळा चष्मा, हातात डोळ्यात टाकायच्या थेंबांची पिशवी. मॅच दुपारी होती आणि बाई सकाळपासून टीव्हीसमोर मांडी घालून बसलेली. भाकरी पुढं ठेवली तर दोन घास खाऊन ताट सरकवलं. मला म्हणाली, "वहिनी, लांबून दिसंल ना मला? मोबाईलमदी तर मुंग्या दिसत्यात नुसत्या."

"टीव्हीवर हत्तीएवढी दिसेल तुमची पोरगी," मी म्हणाले. "काळजीच करू नका ताई."

कुठल्या तोंडानं म्हणाले कुणास ठाऊक.

दुपारी ह्यांनी टीव्ही लावला. काळं, शिक्का, गोल गोल, पाटी, अंगठा, ओके. मॅच सापडली. मैदान दिसलं, प्रेक्षक दिसले, आणि दोन्ही संघ ओळीनं उभे. नणंद गुडघ्यावर उठली. "कुठंय? कुठंय?" मी बोट लावून दाखवलं, ती डावीकडून तिसरी. नाणेफेक झाली, समोरच्या संघानं आधी पकडायचं घेतलं, म्हणजे आपल्या पोरींनी आधी पळायचं. पहिल्या तिघी मैदानात शिरल्या आणि त्यात आमची एक. शिट्टी वाजली.

आणि अंधार.

"नेट गेलं," हे म्हणाले.

माझी नणंद एक हात पुढं करून बसली होती. मग हळूच म्हणाली, "वहिनी, माज्या डोळ्याला काय झालं का?"

बाई गं! मी तिचा हात धरला आणि सांगितलं, "डोळ्याला काही झालं नाही ताई, ह्या मेल्या टीव्हीला झालंय. आम्हालाही काळंच दिसतंय." तेव्हा तिनं श्वास सोडला. पण तेवढ्यात माझा जीव किती खाली गेला ते माझं मला माहीत.

हे वायफायला थापा मारायला धावले. काडी आपली उठली. शिक्का, गोल गोल, पाटी, ओके. मॅच लागली. आमची पोरगी खांबाला वळसा घालताना दिसली, पाठच फक्त, वेणी हवेत, आणि परत अंधार. असं तीनदा झालं. चौथ्यांदा चित्र आलं तेव्हा ती बाद होऊन मैदानाबाहेर पाणी पीत होती. तिच्या आईला काय दिसलं? शिक्का दिसला.

मग मी जी सुटले! "पोरगं सांगून गेलं होतं, हात लावू नका. तुम्हाला ऐकू जातं का? आवो, इतकी वर्षं ऊस तोडून तोडून त्या बाईनं एक मॅच मागितली, ती पण तुमच्या भोकात गेली!" हेही तापले. "नेटला मी काय करू? मी काय खांबावर चढू?" पोराला फोन लावला, तो कामावर, उचलेना.

आमचं भांडण रंगात आलेलं असताना नणंद म्हणाली, "दादा, जरा थांब. ती पाटी आली की तू बटन दाबतोस. काय लिव्हलंय तरी काय तिच्यावर?"

आमच्यापैकी कुणी वाचलीच नव्हती कधी.

पुढच्या वेळी पाटी आली तेव्हा नणंदेनं भावाचं मनगटच धरलं. मी टीव्हीला नाक लावून एक एक शब्द जोडला. पाटीवर सरळ लिहिलेलं होतं की काडीला लाईट कमी पडतेय, तिच्यासोबत आलेला अ‍ॅडॅप्टर वापरा. दिवाळीपासून रोज बिचारी हात जोडून सांगत होती आणि आम्ही रोज ओके म्हणत होतो.

ह्यांचा चेहरा उतरला, पण माणूस लबाड नाही. टॉर्च घेऊन परत टीव्हीच्या मागं शिरले आणि तिथूनच ओरडले, "भोकाच्या वर बारीक लिव्हलंय बघ. पाच व्होल्ट, शून्य पॉइंट पाच अँपिअर. म्हंजे अर्धाच! आखाड्यावरच्या अ‍ॅडॅप्टरवर एक लिव्हलंय. व्होल्ट तितकाच, मी बघितलाय."

व्होल्ट आणि अँपिअर आमच्याकडं पोराटोरांनाही कळतं. मोटारीच्या स्टार्टरवर काटा असतो, तो बघतच शेतकऱ्याचा जन्म जातो. हे जाळी झटकत बाहेर आले आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं, हे तर थ्री फेजची मोटार सिंगल फेजवर लावल्यासारखं झालं. बल्ब पेटतो म्हणून आपल्याला वाटतंय लाईट हाय. मोटार नुसती गुरगुरती, पाणी न्हाई उचलत. ही काडी नुसती यादी दाखवती तवर भागतंय. चालती मॅच वायफायवरून वढायची, एवढ्या मोठ्या पडद्यावर नाचवायची, तिला लोड आला की बसती खाली."

"आणि मास्तरांच्यात कशी चालते?"

"त्यांचा टीव्ही नवा हाय. त्याच्या भोकातून जास्ती येत आसंल. भोक म्हंजे समदं सारखं नसतंय," हे म्हणाले. हेच महाराज दिवाळीत उलटं सांगत होते, पण मी ते गिळलं. वेळ नव्हता.

आता अ‍ॅडॅप्टर आणायचा कुठून? मी धावत जाऊन माझ्या मोबाईलचा चार्जर आणला. तो नव्या पद्धतीचा, भोक लांबट बारीक, काडीची वायर त्यात शिरेना. ड्रॉवरमधून एका जुन्या मोबाईलचा चार्जर निघाला, त्यात वायर बसली. मी नारळ फोडायच्या बेतात होते. डिशचा डबा उपटला, तो चार्जर भिंतीत लावला. शिक्का, गोल गोल आणि परत तीच पाटी. उलटा करून बघितलं, त्याच्यावरही अर्धाच अँपिअर. भिंतीत लावलं म्हणजे झालं असंही नाही बाई, भिंत देईल हो, पण मधला दलाल कंगाल असला तर तुमच्या हातात काय पडणार?

मास्तरांच्या दाराला कुलूप, सगळे अंबाजोगाईला लग्नाला गेलेले. बसस्टँडवर मोबाईलचं दुकान आहे, पण आमच्या घरापासून बसस्टँड लांब आणि आखाडा जवळ. हे चप्पल न घालताच गाडीवर बसले. मी ओरडले, "हळू जा!" आणि मग परत ओरडले, "हळू म्हणजे लई हळू पण नको!"

तोवर आपल्या पोरींची पकडायची पाळी सुरू झाली होती. मी माझ्या मोबाईलवर मॅच लावली आणि नणंदेला सांगत बसले. मोबाईल तिनं डोळ्याजवळ नेला, लांब नेला, काळा चष्मा वर केला, डोळ्यातून पाणी यायला लागलं तेव्हा मीच काढून घेतला. "मी सांगते ताई, तुम्ही ऐका."

"माजी कुठंय?"

"बसलीय. ओळीत, मधल्या चौकोनात."

"बसलीय? कावून? खेळाया घेतलं न्हाई का तिला?"

"अहो, पकडताना सगळ्या बसलेल्याच असतात. मागून कुणी येऊन खो दिला की उठायचं आणि धावायचं."

"मंग देत का न्हाई कुणी? मगापासून पोरगी बसूनच हाय!" असं म्हणून तिनं समोरच्या रिकाम्या भिंतीकडं रागानं बघितलं. मला हसू आवरेना. मग भाचीला खो मिळाला, तिनं एकीला खांबापाशी गाठलं, मी ओरडले, आणि नणंद माझ्या तोंडाकडं बघत राहिली. सगळी मॅच ती माझ्या तोंडावर बघत होती. ते मला सहन होईना. मी हसत सांगत होते आणि आतून मला रडू येत होतं, कारण हे असंच तर चाललं होतं इतकी वर्षं, दुसऱ्याच्या तोंडून.

मध्यंतर झालं. गाडीचा आवाज काही येईना. मी दारात, नणंद टीव्हीसमोर. मध्यंतर संपत आलं तेव्हा गाडी दिसली. ह्यांच्या पायाला चिखल, शर्टाला काटे, आणि मुठीत अ‍ॅडॅप्टर असा धरलेला की कुणी हिसकावून घेईल.

"बोलू नको, बाजूला हो," हे म्हणाले. आणि खरं सांगते, मी बोलले नाही.

अ‍ॅडॅप्टर भिंतीत गेला, त्यात वायर, बटन चालू. शिक्का आला. गोल गोल फिरलं. आम्ही तिघं पाटीची वाट बघत होतो. पाटी आली नाही. मॅच लागली, आणि चित्र इतकं स्वच्छ की पोरींच्या गुडघ्यावरची माती दिसावी. तरी कुणी हलेना, आता जाईल, मग जाईल म्हणून. ह्यांनी अ‍ॅडॅप्टरवर एक बोट ठेवलं होतं, जणू तो उडून जाणार होता.

आपल्या पोरी परत पळायला उतरल्या. पहिल्या तिघींमध्ये भाची. शिट्टी वाजली आणि ह्या वेळी अंधार झाला नाही.

काय पळाली पोरगी! सोबतच्या दोघी बाद झाल्या, तरी ही एकटी आहेच. बसलेल्या पोरींच्या मधून अशी जायची की धावणारीचा हात तिच्या पाठीवरून हवेत फिरायचा. एकदा खांबाजवळ तिचा पाय घसरला. आम्ही तिघंही "आई गं" म्हणालो. ती एका हातावर तोल सावरून उठली, मागचीला हूल दिली आणि उलट्या बाजूनं सुटली. माझी नणंद कधी उभी राहिली मला कळलं नाही. पदर तोंडात, आणि बाईचे पाय जागच्या जागी हलत होते, डावा, उजवा, पोरीबरोबर. मी म्हणाले, "ताई, बसा, डोळ्याला ताण नको." तिनं माझा हात झटकला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या बाईनं माझा हात झटकला आणि मला लई बरं वाटलं.

शेवटी एकदाची ती सापडली, सूर मारून एकीनं तिचा पाय धरला. मैदानाबाहेर जाताना सगळे टाळ्या वाजवत होते, समोरच्या संघातल्या पोरीसुद्धा. कॅमेरा तिच्या तोंडाजवळ गेला. घामाघूम, केस चिकटलेले, ओठाला माती. पडदाभर आमची पोरगी.

मॅच आपण हरलो. थोडक्यात हरलो, पण हरलोच. समोरच्या संघानं शेवटच्या पाळीत आपल्याला पळवून पळवून दमवलं. हे हळहळले, मी पंचाला दोन शिव्या दिल्या. मी चहा टाकायला उठले तर ह्यांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला, आणि सवयीनं हात भिंतीच्या बटनाकडं गेला. मी नुसतं "अं हं" केलं. हात परत मागं. ते बटन आता आमच्याकडं चालूच असतं. टीव्ही लावला की काडी तयार असते, आणि ह्यांचं कीर्तनही बुडत नाही, कारण डिशच्या डब्यासाठी आम्ही दोन सॉकेट जास्तीचे बसवून घेतले.

चहा उकळत होता तेव्हा भाचीचा फोन आला, आईच्या मोबाईलवर. नणंदेनं आवाज मोठा केला, तिला तसाच लागतो. पलीकडून आधी नुसतं रडणं. मग, "माय, हरलो गं आमी. माझ्यामुळं हरलो. मी अजून थोडा वेळ टिकले असते तर... तुला सांगते, काय झालं की, तिसऱ्या पाळीत ना..."

"तू नगं सांगू," नणंद म्हणाली. "मी सांगते."

तिनं फोन तोंडाजवळ आणला.

"तू पहिल्या तिघीत उतरलीस. तुज्यासंगच्या दोघी गेल्या, उंच होती ती अन् केस कापलेली ती. तू एकलीच ऱ्हायलीस. त्या खांबापाशी तुजा पाय घसरला तवा तू डावा हात टेकवला. लागलं का गं हाताला? तवा माजा जीव जागेवर न्हवता. मंग तू त्या लाल रिबीनवालीला फसवलंस, इकडं जाते म्हणालीस अन् तिकडं गेलीस. ती बघतच ऱ्हायली बावळट. अन् बाहीर आल्यावर तुज्या ओठाला माती लागलेली, ती तू पुसली बी न्हाईस."

चहा वर आला. मी गॅस बारीक केला.

"माय," भाची म्हणाली, "अजून सांग."